कोरा फॉर्मही उत्तरच असतो

‘तुम्हाला गर्भनिरोधक गोळ्यांबद्दल माहिती आहे का? होय / नाही.’

कॉलेजच्या मुलामुलींच्या सर्वेक्षणात हा प्रश्न हमखास असतो. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांच्या प्रश्नावल्या माझ्याकडे तपासायला येतात, तेव्हा या ओळीपाशी मी थांबते. बहुतेक जण ‘होय’वर खूण करतात, टक्केवारी निघते आणि अहवालात ‘गर्भनिरोधनाविषयीचं ज्ञान समाधानकारक आढळलं’ असं वाक्य लिहिलं जातं. पण त्याच मुलांशी जरा निवांत बोललं आणि ‘गोळी म्हणजे नेमकी कोणती?’ असं विचारलं, की वेगळंच काही पुढे येतं.

‘गोळी’ या एका शब्दात चार निरनिराळ्या गोळ्या दडलेल्या असतात. पहिली रोज घ्यायची, ‘माला-एन’सारखी. तिच्या पाकिटात 28 गोळ्या असतात, त्यातल्या 21 गोळ्यांत संप्रेरकं असतात आणि उरलेल्या 7 लोहाच्या असतात. दुसरी तातडीची गोळी, साधन न वापरता संबंध आला तर त्यानंतर लवकरात लवकर आणि 72 तासांच्या आत घ्यायची. तिसरी गर्भपाताची, जी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते. आणि चौथी, घरात कार्य किंवा देवदर्शन असलं की पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतली जाणारी. ही चौथी गोळी गर्भनिरोधक नाहीच. ‘होय’ म्हणणाऱ्या मुलीच्या मनात यातली कोणती होती, ते त्या प्रश्नातून कधीच कळत नाही.

मोठ्या सर्वेक्षणांतही हा फरक लक्षात ठेवावा लागतो. 2019-21 मधल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटातल्या जवळजवळ सगळ्यांना, म्हणजे 99 टक्क्यांहून अधिक स्त्री-पुरुषांना, किमान एक गर्भनिरोधक साधन ठाऊक होतं. इथे ‘ठाऊक असणं’ म्हणजे त्या साधनाबद्दल ऐकलेलं असणं. देशाच्या पातळीवर त्या आकड्याचा उपयोग आहे. पण एखाद्या कॉलेजला आपल्या मुलांसाठी व्याख्यान ठेवायचं असेल, तर कशाबद्दल बोलायचं हे त्यातून ठरत नाही. त्यासाठी ज्ञान मोजावं लागतं. आणि हा विषय असा आहे की ज्याला विचारायचं त्याला भीती वाटली, लाज वाटली किंवा सक्ती वाटली, तर मोजलेलं सगळं खोटं निघतं. म्हणून प्रश्न कसे लिहायचे आणि विचारताना माणसाला कसं जपायचं, ही दोन वेगळी कामं नाहीत. एक उदाहरण घेऊन पाहू.

कॉलेज, तुकड्या आणि माणसं

समजा, तालुक्याच्या गावी कला, वाणिज्य आणि विज्ञान अशा तिन्ही शाखांचं एक कॉलेज आहे. तिथल्या एका प्राध्यापिकेला दोन विद्यार्थिनींना सोबत घेऊन हा अभ्यास करायचा आहे. पहिला निर्णय वयाचा. कॉलेज म्हटलं की अकरावी-बारावीही आलीच, पण ती मुलं 16-17 वर्षांची असतात. आपल्याकडे 18 वर्षांखालच्या मुलांना संशोधनात घ्यायचं तर मुलाच्या होकाराबरोबर पालकांची संमतीही घ्यावी लागते. अपवाद करायचा असेल तर नैतिकता समितीची परवानगी हवी. ‘तुमच्या मुलीला गर्भनिरोधनाबद्दल विचारणार आहोत’ अशी चिठ्ठी घरी गेली, की त्या मुलीला घरी काय काय विचारलं जाईल, याचा अंदाज कुणालाही करता येईल.

दुसरं कारण कायद्याचं. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार 18 वर्षांखालच्या व्यक्तीशी लैंगिक संबंध हा गुन्हा आहे, आणि असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळतं त्याच्यावर तो पोलिसांना कळवण्याची जबाबदारी येते. प्रश्नावलीत स्वतःच्या अनुभवाबद्दल विचारलं आणि एखाद्या अल्पवयीन मुलीने खरं लिहिलं, तर ‘तुझी माहिती गुप्त राहील’ हे वचन संशोधकाला पाळता येईलच असं नाही. जे पाळता येणार नाही ते वचन देऊ नये. म्हणून आमच्या उदाहरणातल्या प्राध्यापिका अभ्यास द्वितीय आणि तृतीय वर्षापुरता ठेवतात, आणि फॉर्मच्या पहिल्याच ओळीत ‘तुमचं वय 18 वर्षं पूर्ण आहे का?’ असं विचारतात. ‘नाही’ असेल तर पुढचं काही भरायचं नाही.

या दोन वर्षांत मिळून 1,100 विद्यार्थी आहेत. किती जणांना विचारलं म्हणजे पुरे? नेहमीचं गणित असं, की उत्तर पाच टक्क्यांपेक्षा जास्त इकडे-तिकडे होऊ नये असं वाटत असेल, तर फार मोठ्या लोकसंख्येसाठी 384 जण लागतात. एकूण संख्या 1,100 च असल्यामुळे ती गरज 285 वर येते. पण एकेक विद्यार्थी हजेरीपटावरून निवडून बाहेर बोलावला, तर साऱ्या कॉलेजला कळतं की कोणाला ‘त्या’ अभ्यासासाठी बोलावलंय. म्हणून चिठ्ठ्या टाकून आख्ख्या तुकड्याच निवडणं बरं. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. एका तुकडीतली मुलं एकाच शिक्षकांकडून शिकलेली असतात, एकमेकांशी बोलतात, त्यामुळे त्यांची उत्तरं एकमेकांसारखी येतात. म्हणून संख्या साधारण दीडपट धरली तर 428 होते. पाचातला एक फॉर्म कोरा किंवा अर्धवट येईल असं धरलं, तर 535 जणांपर्यंत पोहोचावं लागेल. सुमारे 40 जणांची एक तुकडी धरली तर 14 तुकड्या, म्हणजे 560 विद्यार्थी. या तुकड्या तिन्ही शाखांमधून त्यांच्या प्रमाणात घ्यायच्या. नाहीतर जीवशास्त्र शिकलेल्या मुलांच्या उत्तरांवरून साऱ्या कॉलेजचं ज्ञान ठरेल.

प्रश्न लिहिताना

आता प्रश्नावली. ज्ञान मोजायचा साधा रस्ता म्हणजे विधानं द्यायची आणि बरोबर की चूक ते विचारायचं. पण दोनच पर्याय ठेवले तर एक फसगत होते. समजा विधानं 20 आहेत आणि एका मुलाला त्यातली फक्त 4 खरोखर येतात. उरलेल्या 16 वर तो अंदाजाने खुणा करतो. त्यातली निम्मी, म्हणजे 8, नुसत्या नशिबाने बरोबर येतात. त्याला 20 पैकी 12 गुण मिळतात आणि अहवालात तो ‘मध्यम ज्ञान’ या रकान्यात बसतो. म्हणून प्रत्येक विधानाला ‘माहीत नाही’ हा तिसरा पर्याय हवा, आणि ‘माहीत नाही म्हणण्यात काही कमीपणा नाही, अंदाज करू नका’ हे वर ठळक लिहायला हवं. ‘माहीत नाही’ आणि ‘चूक’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. ज्याला माहीत नाही तो विचारायला तयार असतो. ज्याला चुकीचं माहीत आहे तो खात्रीने चुकीचं वागतो. त्यांच्यासाठी करायचं कामही वेगळं असतं.

विधान कसं असावं याचा एक नमुना बघू. ‘तातडीची गोळी आधीच राहिलेला गर्भ पाडते.’ हे चूक आहे. ती मुख्यतः बीजांड बाहेर पडणं लांबवते, म्हणूनच ती जितकी लवकर घ्यावी तितका उपयोग जास्त, आणि गर्भ राहून गेला असेल तर ती काही करत नाही. दुसरं विधान: ‘पुरुषाची नसबंदी झाल्याच्या दिवसापासून दुसरं साधन वापरायची गरज नसते.’ हेही चूक. साधारण तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं आणि वीर्य तपासून खात्री करावी लागते. तिसरं: ‘खोबरेल तेल लावल्यास रबरी निरोध फाटू शकतो.’ हे बरोबर आहे. अशा विधानांतून नुसतं नाव ऐकलेला आणि समजून असलेला माणूस वेगळे दिसतात.

काही प्रश्न छोट्या गोष्टीच्या रूपात घालता येतात. ‘एका 22 वर्षांच्या विवाहित मुलीला पहिलं मूल दोन वर्षांनी हवं आहे. तिने तांबी बसवली, तर काढल्यावर तिला दिवस राहू शकतील का?’ इथे मुलगी तिसरीच आहे, उत्तर देणाऱ्याला स्वतःबद्दल काही सांगावं लागत नाही, आणि तरीही तांबीने कायमचं वांझपण येतं हा गैरसमज आहे का ते कळतं. आणि शब्दही ‘तांबी’ हाच हवा. ‘अंतर्गर्भाशयी साधन’ असं लिहिलं तर आपण गर्भनिरोधनाऐवजी संस्कृतची परीक्षा घेऊ.

शब्द नीट समजतात की नाही हे टेबलापाशी बसून ठरत नाही. त्यासाठी शेजारच्या गावातल्या एखाद्या कॉलेजमधल्या आठ-दहा विद्यार्थ्यांना एकेक करून बसवावं, विधान मोठ्याने वाचायला लावावं आणि ‘यातून तुला काय समजलं ते तुझ्या शब्दांत सांग’ असं म्हणावं. आपल्याच कॉलेजमध्ये हे केलं तर प्रश्न आधीच फुटतात. अशा एका चाचणीत ‘असुरक्षित संबंध’ या शब्दांचा अर्थ एका मुलाने ‘अनोळखी मुलीशी संबंध’ असा सांगितला, आणि एका मुलीने ‘जिथे पकडले जाऊ अशा जागी’ असा. दोघांच्याही दृष्टीने तो अर्थ अगदी सरळ होता. दुरुस्त केलेलं वाक्य असं झालं: ‘कुठलंही साधन न वापरता आलेला शरीरसंबंध’. लांबलं खरं, पण सगळ्यांना एकच अर्थ लागला.

आणखी एक युक्ती. साधनांच्या यादीत एक नाव काल्पनिक घालायचं, अस्तित्वातच नसलेलं. पुष्कळ मुलांनी त्याच्यापुढेही ‘माहीत आहे’ अशी खूण केली, तर इतर साधनांपुढच्या खुणाही सावधपणे वाचाव्या लागतात. मात्र शेवटी ते नाव खोटं होतं हे सगळ्यांना सांगायलाच हवं. आपल्या प्रश्नावलीतून नवा गैरसमज जन्माला येता कामा नये.

जे विचारायचंच नाही

पहिल्या मसुद्यात विद्यार्थिनींनी ‘तुमचे शरीरसंबंध आले आहेत का?’ आणि ‘तुम्ही कोणतं साधन वापरता?’ असे दोन प्रश्न घातलेले असतात. असे मसुदे नेहमीच येतात, आणि त्यामागे वाईट हेतू नसतो. ‘मॅडम, मग तुलना करता येईल’ असं मुली म्हणतात. पण अभ्यास ज्ञानाचा आहे. तांबी काढल्यावर दिवस राहू शकतात हे एखादीला माहीत आहे की नाही, ते तिच्या आयुष्यात काय घडलंय हे न विचारताही कळतं. हे दोन प्रश्न घातले की फॉर्मचा स्वभावच पालटतो. आता तो कागद हरवला किंवा कुणी वाचला, तर एखाद्या मुलीचं शिक्षण थांबू शकतं. आणि मुलांना हे लगेच समजतं, त्यामुळे उरलेली 20 उत्तरंही ती जपून देतात. माहिती गुप्त ठेवायची सगळ्यात भक्कम रीत म्हणजे ती गोळाच न करणं. दोन्ही प्रश्न काढून टाकायचे.

वर्तनाचा अभ्यास कुणी करूच नये, असं माझं म्हणणं नाही. त्याची तयारी वेगळी असते, समुपदेशक जवळ असावे लागतात, जोखीम वेगळी मांडावी लागते. ज्ञानाच्या अभ्यासात जाता जाता उरकायची ती गोष्ट नव्हे.

नाव नाही, तरी ओळख आहे

‘आम्ही नाव विचारत नाही, म्हणजे गुप्तता आली’ असं समजलं जातं. जरा मोजून पाहू. पहिल्या पानावर वर्ष (2 पर्याय), शाखा (3), लिंग (2), वय (4) आणि राहणं वसतिगृहात की घरी (2) एवढंच विचारलं, तरी या उत्तरांच्या 96 वेगवेगळ्या जोड्या होतात. 560 फॉर्म 96 कप्प्यांत विभागले तर सरासरी एका कप्प्यात सहासुद्धा येत नाहीत. त्यात ‘विवाहित की अविवाहित’ घातलं की कप्पे 192. त्यात दहा जिल्ह्यांपैकी जिल्हा घातला की 1,920. म्हणजे माणसांपेक्षा कप्पे तिपटीहून जास्त. तृतीय वर्ष विज्ञानाच्या वर्गात वसतिगृहात राहणारी, विवाहित, अमुक जिल्ह्यातली मुलगी एकच असते, आणि तिचं नाव त्या वर्गातल्या कुणालाही सांगता येतं.

म्हणून प्रत्येक रकान्यापुढे एकच प्रश्न उभा करायचा: याचा निष्कर्षात काय उपयोग? जिल्ह्याचा नाही, काढला. वर्षाचा नाही, काढला. वसतिगृह आणि विवाह, दोन्ही काढले. वय ‘18 ते 20’ आणि ‘21 किंवा जास्त’ असं दोनच गटांत ठेवलं. शाखा ठेवली, कारण व्याख्यानं शाखेनुसार लावायची आहेत. लिंग ठेवलं, त्याला ‘इतर’ आणि ‘सांगायचं नाही’ हे पर्यायही दिले. आता मुख्य कप्पे 12 उरतात आणि एका कप्प्यात सरासरी 46-47 जण येतात. तरीही एखादा कप्पा लहान निघतोच. पाचपेक्षा कमी माणसं असलेला गट अहवालात स्वतंत्र दाखवायचा नाही, हा नियम आकडे हाती येण्याआधीच लिहून ठेवायचा.

ओळख अक्षरातूनही पटते. ज्या बाई रोज वह्या तपासतात त्यांना अक्षर लगेच कळतं. म्हणून फॉर्मवर लिहायचं काही नाही, फक्त खुणा. सगळ्यांना एकाच रंगाची पेनं द्यायची. परीक्षेला बसवतात तसं एका बाकावर एक, आणि बाकांमध्ये अंतर. भरलेला फॉर्म जाड लिफाफ्यात, लिफाफा फट असलेल्या पेटीत. पेटी दाराजवळ ठेवायची, शिक्षकांच्या टेबलावर नाही. उत्तरं संगणकात भरणारी व्यक्ती दुसऱ्या संस्थेतली असावी, जिला या मुलांची नावंही माहीत नाहीत. कागद कुलपात राहतील, आणि ते कधी नष्ट होतील ती तारीख आधीच सांगितलेली असेल.

गूगल फॉर्म सोपा वाटतो, पण त्यातही बारकावे आहेत. `Collect email addresses` चालू राहिलं तर प्रत्येक उत्तरासोबत ईमेल येतो. एकाच माणसाने दोनदा भरू नये म्हणून `Limit to 1 response` लावलं, तर मुलांना स्वतःच्या खात्यातून आत जावं लागतं, आणि ईमेल गोळा होत नसला तरी ‘मी दिसतोय’ ही भावना होतेच. शिवाय प्रत्येक उत्तरासमोर वेळ नोंदली जाते. वर्गातली मुलं एकेक करून फॉर्म पाठवत असतील आणि कुणी बघत असेल, तर वेळेवरून क्रम आणि क्रमावरून माणूस सापडतो. त्यात मुलं फॉर्म मोबाइलवर भरतात, आणि अनेक घरांत मोबाइल एकाचा नसतो. म्हणून या अभ्यासात मी कागदच सुचवते.

संमती: ‘नाही’ म्हणायची खरी जागा

अनेकांना वाटतं, प्राचार्यांची परवानगी मिळाली की झालं. प्राचार्य फक्त वर्गाचं दार उघडून देऊ शकतात. विद्यार्थ्याच्या वतीने ‘हो’ म्हणण्याचा हक्क त्यांना नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थ्यांकडे विशेष काळजीने पाहायला सांगितलं आहे, कारण समोर गुण देणारी व्यक्ती उभी असते तेव्हा नकार देणं कठीण असतं. म्हणून आराखडा आधी नैतिकता समितीकडे जायला हवा. साध्या कॉलेजमध्ये अशी समिती नसते. तेव्हा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीशी तसा करार करून तिथून मान्यता घेता येते.

माहितीपत्रक एका पानाचं, वाचायला सोपं हवं. आमच्या उदाहरणातलं साधारण असं आहे:

‘हा अभ्यास गर्भनिरोधनाबद्दल कॉलेजच्या विद्यार्थ्यांना काय माहीत आहे हे समजून घेण्यासाठी आहे. फॉर्ममध्ये 22 प्रश्न आहेत, 15 मिनिटं लागतील. तुमच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल एकही प्रश्न नाही. नाव, रोल नंबर, मोबाइल नंबर लिहू नका. भाग घ्यायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं. न घेतल्यास गुण, हजेरी किंवा इतर कशावरही परिणाम होणार नाही. कुठलाही प्रश्न सोडून देऊ शकता. फॉर्म पेटीत टाकल्यानंतर मात्र तो परत काढता येणार नाही, कारण तो कोणाचा हे आम्हालाही कळणार नाही.’

शेवटचं वाक्य बहुतेक पत्रकांत नसतं. ‘कधीही माघार घेऊ शकता’ असं लिहून मोकळं होतात. निनावी फॉर्ममध्ये पेटीत टाकल्यावर माघार घेता येत नाही, ते आधीच सांगणं हा प्रामाणिकपणा आहे.

सहीचं काय? संमतीपत्रावर सही घेतली की त्या कॉलेजमध्ये या अभ्यासाशी जोडलेली नावांची यादी तयार होते, आणि जिथे गुप्तता हवी तिथे ती यादीच सगळ्यात मोठा धोका ठरते. म्हणून समितीकडे लेखी विनंती करायची, की भरलेला फॉर्म पेटीत टाकणं हीच संमती धरावी. समितीला सही हवीच असेल, तर सहीचा कागद वेगळा, त्याची पेटी वेगळी, आणि दोन्हींवर कुठलाही समान क्रमांक नाही.

सगळं पत्रक वाचून दाखवल्यावर वर्गात सांगायचं, ‘ज्यांना भाग घ्यायचा नाही त्यांनी बाहेर जावं.’ बहुतेक ठिकाणी असंच सांगतात, आणि इथेच संमती मोडते. चाळीस जणांसमोर उठून जाणारी मुलगी उद्या वर्गात चर्चेचा विषय होते. म्हणून कोणीही उठायचं नाही. शिक्षक बाहेर जातील आणि फॉर्म बाहेरची व्यक्ती वाटेल. ज्याला भाग घ्यायचा नाही त्याने फॉर्म कोराच लिफाफ्यात घालायचा. लिफाफे सारखे, वेळ सारखी, सगळे एकदमच उठणार. कोणी भरला आणि कोणी नाही, शेजारच्यालाही कळणार नाही.

गुणांपेक्षा प्रश्न

फॉर्म आले की पहिला मोह होतो तो गुणांची बेरीज करून ‘उत्तम, मध्यम, कमी’ असे तीन गट पाडण्याचा. या सीमा कुणीतरी आपल्या सोयीने आखलेल्या असतात. 20 पैकी 14 गुण मिळवणाऱ्याने नेमकी तातडीच्या गोळीची आणि निरोधाची विधानं चुकवली असतील, तर ‘उत्तम ज्ञान’ हा शिक्का त्याच्या काय कामाचा? म्हणून निकाल प्रश्नवार मांडायचा. तातडीच्या गोळीबद्दल किती जण बरोबर, किती चूक, किती जणांना माहीत नाही. तांबीबद्दल किती. असा तक्ता हाती असला की कॉलेजला व्याख्यान कशावर ठेवायचं ते त्याच दिवशी ठरवता येतं.

काही खुणा अभ्यास कुठे घसरला तेही दाखवतात. एखाद्या तुकडीत शेजारच्या बाकांवरून आलेल्या फॉर्मवर तीच उत्तरं, त्याच चुका दिसल्या, तर बाकांमधलं अंतर कमी पडलं. बाराव्या प्रश्नानंतर बऱ्याच जणांनी पानं रिकामी ठेवली असतील, तर बाराव्या प्रश्नात काहीतरी दुखलं किंवा वेळ संपली. एकाच वर्गात सगळ्यांचे फॉर्म पूर्ण भरलेले आणि बाकीच्या तेरा वर्गांत पाच-सहा कोरे, तर त्या एका वर्गात शिक्षक आतच थांबले होते का, ते विचारायला हवं.

शेवटी एक देणं राहतं. फॉर्म पेटीत पडल्यावर त्याच तासाला सगळ्यांना, भरणाऱ्यांना आणि न भरणाऱ्यांनाही, बरोबर उत्तरांचं पत्रक द्यायचं. त्यात कारणंही असावीत, काल्पनिक नावाचा खुलासा असावा, आणि सरकारी रुग्णालयातल्या ‘मैत्री’ केंद्रासारख्या ठिकाणी निःसंकोच विचारता येतं हेही लिहिलेलं असावं. 20 प्रश्न विचारून मुलांच्या मनात शंका जागवायच्या आणि उत्तर न देता निघून जायचं, हे बरोबर नाही.

मुंबईत 1921 साली संततिनियमनाचं केंद्र उघडणारे र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. या विषयावर उघड बोलण्याची किंमत त्यांनी नोकरी गमावून आणि कोर्टात उभं राहून मोजली. आज प्राध्यापिकेला हा विषय वर्गात नेता येतो. आता किंमत मोजावी लागू शकते ती उत्तर देणाऱ्या मुलीला, आणि ती तिच्यावर येऊ न देणं हे विचारणाऱ्याचं काम आहे.

ते काम नीट झालं का, हे कळायला आमच्या उदाहरणात एक साधी गोष्ट आहे. 560 लिफाफे उघडायचे आणि कोरे फॉर्म मोजायचे. एकही कोरा निघाला नाही, तर मला काळजी वाटेल. 560 तरुण माणसांमध्ये एकालाही ‘नको’ वाटलं नाही, असं होत नाही. त्यांना ‘नको’ म्हणायला जागा मिळाली नाही, असं होतं. काही कोरे निघाले, तर उरलेल्यांनी आपल्या मर्जीने भरलेत असं म्हणायला आधार मिळतो. तो आकडा अहवालात पहिल्या तक्त्यात यावा.